मन निवविणाऱ्या दोन मुळ्या



आजच्या विषयातला 'कावा' हा गनिमी काव्यातला नव्हे, आणि काश्मिरी कहवाही नव्हे. पॅसिफिक महासागरातील फिजी, टोंगा, वानुआटू या बेटांवरचे हे एक झुडूप. विड्याचे पान आणि काळी मिरी यांचे ते भावंड. त्याची मुळी कुटून पाण्यात कोळतात, गाळतात आणि ते मातकट पाणी करवंटीने बैठकीत पितात. जीभ बधिर होते, अंग सैल पडते, पण शुद्ध राहते. दुसरी मुळी युरोपातील व्हॅलेरियनची. तिची हिमालयातील बहीण आपल्याकडे काष्ठौषधीच्या दुकानात तगर म्हणून मिळते. अंगणातल्या पांढऱ्या फुलांच्या तगरीशी मात्र तिचे काही नाते नाही.

या मुळ्या मन निवविते कशाने? मेंदूतील पेशी एकमेकींना जशा चेतवतात, तशा आवरतातही. आवरण्याचे काम बरेचसे गाबा नावाचे द्रव्य करते. पेशीच्या पृष्ठभागावर त्याच्यासाठी दारे असतात. गाबा येऊन लागला की दार उघडते, क्लोराइडचे ऋणभारित कण आत शिरतात आणि पेशी शांत होते. डायझेपामसारखी गोळी हे दार स्वतः उघडीत नाही. गाबाच्या हाताला जोर देते, इतकेच. काव्यातील कावेन हे द्रव्यही असाच जोर देते, पण दाराच्या वेगळ्या जागी. डायझेपामचा परिणाम उलटविणारे औषध कावेनवर चालत नाही, त्यावरून हे कळले. शिवाय मज्जातंतूंतील सोडियमची वाटही कावेन अडविते. दात काढताना टोचतात ते औषध हेच करते. जिभेच्या बधिरपणाचे मूळ तिथे आहे.

व्हॅलेरियनची गंमत निराळी. तिच्या मुळीत गाबाच असतो, पण पोटातून रक्तात गेलेला गाबा मेंदूत फारसा शिरत नाही. काम करते ते व्हॅलेरेनिक आम्ल. गाबाचे दार पाच तुकड्यांचे असते. त्यांतील एका ठराविक तुकड्यावर हे आम्ल अवलंबून असते. तेवढा तुकडा किंचित बदललेल्या उंदरांवर त्याचा शामक परिणाम झालाच नाही. माणसाच्या झोपेवरील प्रयोगांचे निष्कर्ष मात्र एकमेकांशी जुळत नाहीत. काव्याने चिंता थोडी उतरते, असे अनेक लहान प्रयोगांत दिसले. कावा घेण्याचा मोह होतो तो त्यामुळेच.

आता यकृताकडे वळू. 2001 साली स्वित्झर्लंडमधील डॉक्टरांनी एक हकीकत प्रसिद्ध केली. पन्नाशीचा, पूर्वी कसलाही आजार नसलेला गृहस्थ चिंतेवर काव्याच्या अर्काच्या तीन-चार कुप्या रोज, असे दोन महिने घेत होता. तीन ही कमाल मात्रा होती, म्हणजे फार अतिरेक नव्हता. दारू नाही, दुसरे औषध नाही. महिनाभर थकवा, लघवी गडद, आणि कातडी उन्हाने रापल्यासारखी दिसू लागली. ती रापली नव्हती, कावीळ होती. यकृताच्या पेशी फुटल्या की जी द्रव्ये रक्तात येतात, ती नेहमीच्या साठ-सत्तर पटींनी वाढली होती. विषाणूंच्या तपासण्या कोऱ्या आल्या. दोन दिवसांत तो बेशुद्धीत गेला. दुसऱ्याचे यकृत बसवावे लागले, तेव्हा वाचला.

अशा हकीकती साचल्यावर 2002 मध्ये जर्मनीने काव्याच्या औषधांचे परवाने काढून घेतले. 2014 मध्ये न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. 2019 मध्ये परवाने पुन्हा गेले. वाद कशाचा, तर बेटांवर पिढ्यान्‌पिढ्या पितात, त्यांना असे विरळाच का होते? कोणी म्हणतात, तिकडे सोललेली मुळी पाण्यात कोळतात; कारखान्यांनी अल्कोहोल वा अ‍ॅसिटोन वापरले आणि देठ-सालीही घातल्या. कोणी बुरशीला दोष देतात, कोणी झुडपाच्या जातीला. यांतले एकही कारण सिद्ध झालेले नाही. पाण्यात केला म्हणून कावा निर्धोक, असे मानण्यास म्हणूनच आम्ही तयार नाही. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडील आदिवासी वस्त्यांत पाण्यातला कावा अतोनात पिणाऱ्यांच्या यकृताच्या तपासण्या बिघडलेल्या आढळल्या, आणि पिणे थांबल्यावर सुधारल्या. 'वनस्पती आहे, बाधायची नाही' हे वाक्य आम्ही दुकानदाराच्या तोंडून फार ऐकतो. धोतराही वनस्पतीच आहे!

इजा झाली तर बहुधा दोन आठवडे ते सहा महिने या काळात दिसते. अन्नावर वासना नाही, मळमळ, खाज, गडद लघवी, पिवळे डोळे: यांतले काही दिसले, तर कावा त्याच दिवशी बंद करून रक्ताची तपासणी करावी. पुष्कळांचे यकृत काही आठवड्यांत सावरते, पण वर सांगितलेल्या गृहस्थाचे सावरले नाही. यकृताचा आजार असलेल्यांनी, दारू घेणाऱ्यांनी आणि पॅरासिटामॉल वारंवार घेणाऱ्यांनी त्याच्या वाटेस जाऊ नये. झोपेच्या गोळीबरोबर तर दोन्ही मुळ्या वर्ज्य. ब्रेक दोन्हींकडून दाबला जातो आणि गुंगी चढते.

व्हॅलेरियनने यकृत बिघडल्याची उदाहरणे थोडी आहेत, बहुतेक सौम्य, आणि अनेकांत तिच्याबरोबर इतर वनस्पतीही पोटात गेल्या होत्या. तेव्हा 'निद्रावर्धक वनौषधी' अशी कुपी हाती आली, तर आधी तिच्यावरची बारीक अक्षरे वाचावीत. व्हॅलेरियनच्या मागे कावाही पुष्कळदा तिथेच बसलेला सापडतो.