संकेतस्थळाचा दप्तरखाना

2023 सालच्या सप्टेंबर महिन्याच्या 7 तारखेस महाराष्ट्र शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली, आणि मराठवाड्यातील निजामकालीन अभिलेखांत ‘कुणबी’ अशी नोंद कोणाच्या नावापुढे आढळते याचा शोध सुरू झाला. तहसील कचेऱ्यांतील व शाळांतील जी दप्तरे वर्षानुवर्षे रुमालांत बांधलेली होती, ती त्या निमित्ताने उघडली गेली, आणि सापडलेल्या नोंदींच्या छायाप्रती जिल्ह्यांच्या शासकीय संकेतस्थळांवर चढविण्यात आल्या. त्या नोंदींवरून पुढे जो वाद झाला आणि आजही चालू आहे, त्याच्याशी या भाषणाला कर्तव्य नाही. आपल्या पणजोबांचे नाव त्या ढिगाऱ्यात आहे की नाही एवढेच ज्याला पाहावयाचे आहे, त्याने त्या संकेतस्थळात शिरावे कसे, इतकाच आजचा विषय आहे.

बहुतेक जण संकेतस्थळ उघडताच वरच्या कोपऱ्यातील शोधपेटीत आपले आडनाव लिहितात, उत्तरादाखल ‘काही आढळले नाही’ अशी ओळ येते, आणि नोंदच नाही असा निष्कर्ष काढून माणूस मोकळा होतो. हा निष्कर्ष सर्वस्वी चुकीचा असू शकतो. संकेतस्थळाची अंतर्गत शोधपेटी सामान्यतः पानांची शीर्षके आणि त्यांवर टंकलिखित केलेला मजकूर एवढेच चाळते. पानाला जोडलेल्या फायलीच्या पोटात ती शिरत नाही, आणि शिरली तरी तिच्या हाती काही लागावयाचे नाही, कारण ती फाईल म्हणजे जुन्या कागदाचे निव्वळ छायाचित्र असते, आणि त्यातले अक्षर पुष्कळदा मोडी किंवा उर्दू असते. याची खातरजमा करणे सोपे आहे. फाईल उघडावी आणि एखाद्या शब्दावरून माउस ओढून तो निवडता येतो का ते पाहावे. शब्द निवडला न जाता सबंध पानच एखाद्या चित्रासारखे हलू लागले, तर तेथे कोणतीही शोधयंत्रणा कुचकामी आहे असे समजावे. शब्द निवडला गेला, परंतु दुसरीकडे चिकटवल्यावर अगम्य चिन्हांची रांग उमटली, तर तो मजकूर युनिकोडपूर्व काळातील फॉन्टमध्ये टंकलेला आहे; अशा यादीत नाव डोळ्यांना स्वच्छ दिसते, पण शोधपेटीला दिसत नाही.

मग शोधपेटीचा उपयोग काय? उपयोग आहे, पण तो माणूस शोधण्यासाठी नव्हे, तर कपाट शोधण्यासाठी. तेथे आडनाव न लिहिता ‘कुणबी’ किंवा ‘नोंद’ असा एकच शब्द लिहावा. सबंध वाक्य लिहू नये, प्रत्ययही लावू नये, कारण ‘नोंद’ एवढे लिहिले तर ‘नोंदी’ आणि ‘नोंदींची यादी’ ही दोन्ही शीर्षके बहुधा हाती लागतात, पण ‘नोंदींची’ असे लिहिले तर पहिले निसटते. शीर्षक टंकणाऱ्या कारकुनाने ‘कुनबी’ असे लिहिले असण्याचा संभव नाकारता येत नाही, म्हणून तेही रूप घालून पाहावे. संकेतस्थळाची मराठी आणि इंग्रजी बाजू वेगळी असल्यामुळे एका बाजूने दिलेला नकार दुसऱ्या बाजूस विचारून घ्यावा. आपल्या जिल्ह्यात आणखी एक अडचण आहे. 2023 मध्ये जिल्ह्याचे नाव बदलले, तेव्हा त्यापूर्वीचे कागद ‘औरंगाबाद’ या नावाखाली आणि नंतरचे ‘छत्रपती संभाजीनगर’ या नावाखाली चढले. शोधपेटीला ही दोन्ही नावे एकाच जिल्ह्याची आहेत हे कोणी सांगितलेले नसते.

एवढ्यानेही पान सापडले नाही, तर साइटमॅपकडे वळावे. ही कळ पानाच्या अगदी वरच्या पट्टीत लहानशा चिन्हाच्या रूपाने किंवा अगदी तळाशी असते, आणि तिच्याकडे क्वचितच कोणाचे लक्ष जाते. ती दाबली असता संकेतस्थळाच्या सगळ्या शाखा-उपशाखा एका पानावर उलगडतात. मेनूमध्ये हाच पसारा असतो, पण तेथे एक घडी उघडली की दुसरी मिटते. साइटमॅपमध्ये ‘विभाग’, ‘दस्तऐवज’, ‘सूचना’ ही सारी शीर्षके एकदम नजरेखाली येतात. त्यांपैकी नोंदी कोणत्या शीर्षकाखाली ठेवल्या आहेत हे त्या त्या जिल्ह्याच्या कचेरीच्या मर्जीवर असते: एके ठिकाणी त्या दस्तऐवजांत असतील, दुसरीकडे महसूल विभागाच्या पानावर, तिसरीकडे साध्या सूचनेच्या रूपाने. सूचना म्हणून चढविल्या असतील तर विशेष सावध असावे, कारण सूचनेस मुदत असते आणि ती संपताच सूचना चालू यादीतून उठून ‘संग्रह’ किंवा ‘मागील सूचना’ या नावाच्या मागच्या खोलीत जाते. ती नाहीशी झालेली नसते. त्या खोलीचे दार यादीच्या शेजारी किंवा तळाशी असते. आणि साइटमॅपची मर्यादाही ध्यानात घ्यावी: तो पानांची नावे सांगतो, पानावरील शेकडो फायलींची नव्हे.

येथून पुढे शोध संपून उतरण सुरू होते: तालुका, मग गाव, मग अभिलेखाचा प्रकार. समजा, एखाद्याचे मूळ गाव भोकरदन तालुक्यातले आहे. पणजोबांच्या नोंदवहीच्या मुखपृष्ठावर ‘जिल्हा औरंगाबाद’ असे लिहिले असल्याचे त्याने ऐकले आहे, म्हणून तो आपल्या जिल्ह्याचे संकेतस्थळ पालथे घालतो आणि त्याला भोकरदनच तेथे दिसत नाही. दिसणार कसे? जालना जिल्हा 1 मे 1981 रोजी वेगळा झाला आणि भोकरदन त्यात गेले. संकेतस्थळाची रचना मात्र आजच्या सीमांनुसार असते, कागदावरील जुन्या सीमांनुसार नव्हे. त्याने जालन्याच्या संकेतस्थळावर जावे.

तेथे गाव सापडल्यावर खासरा पत्रक, पाहणी पत्रक, गाव नमुना 14 म्हणजे जन्ममृत्यूची नोंदवही, शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा अशी नावे दिसतील. वय ठाऊक असेल तर शाळेपासून, केवळ जमीन ठाऊक असेल तर खासऱ्यापासून आरंभ करावा. एखाद्या फायलीवर 1343 असे वर्ष असेल तर गांगरून जाऊ नये. ते निजामी अमलातील फसली साल आहे, त्यात 590 मिळविले की 1933 येते. यंत्राची मदत येथे संपते, आणि पान एकामागून एक डोळ्यांनीच चाळावे लागते. अक्षर मोडी असेल तर मोडी वाचणारा जाणकार शेजारी बसवावा लागतो.

नाव सापडले की पडद्याचे छायाचित्र काढून कचेरीकडे धावण्याची घाई करू नये, कारण त्या चित्रास दाखल्याची किंमत नाही. गाव, नोंदवहीचे नाव, साल, पृष्ठ आणि नोंदीचा क्रमांक कागदावर उतरवून घ्यावा, आणि तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात प्रमाणित नकलेसाठी अर्ज करताना या पाचही गोष्टी त्यात लिहाव्यात. शाळेची नोंद असेल तर हा अर्ज शाळेकडे करावा लागतो, तहसिलीकडे नव्हे.