आवळलेली पट्टी सैल का पडते?
(व्याख्यानमालेतील भाषणाचा संपादित भाग)



नागपूरजवळची बुटीबोरी म्हटलं की आपल्याला इंडोरामाचा पॉलिएस्टर कारखाना आठवतो. इथल्या एमआयडीसीतून सुताच्या, चिप्सच्या, यंत्रभागांच्या पेट्या ट्रकमध्ये चढतात, तेव्हा पॅलेटभोवती बहुतेक वेळा एक हिरवी पट्टी आवळलेली असते. तीही पॉलिएस्टरचीच. पट्टी तुटत नाही, जोडही सुटत नाही, तरी दोन दिवसांनी बोट घातलं तर ती आधीपेक्षा ढिली लागते. आज एवढंच बघायचं आहे की तिचा ताण गेला कुठे.

पट्टी १६ मिलिमीटर रुंद आणि ०.८ मिलिमीटर जाड आहे असं धरू. म्हणजे छेद १२.८ चौरस मिलिमीटर. यंत्राने ती १२८० न्यूटन, म्हणजे साधारण १३० किलो वजनाइतक्या बळाने ओढली आणि जोड वितळवून पक्का केला. आता लांबी बांधली गेली. पोलादी तारेत हा ताण जवळपास तसाच राहिला असता. पॉलिएस्टरमध्ये लांबच लांब रेणुसाखळ्या असतात. ओढ बसताच रासायनिक बंध ताणले जातात आणि साखळ्यांचे तुकडे हळूहळू एकमेकांवरून सरकून सोयीची जागा शोधतात. पहिली क्रिया स्प्रिंगची, दुसरी डॅशपॉटची. डॅशपॉट म्हणजे तेलाच्या नळकांड्यातला दट्ट्या. दार आपोआप हळू लावणाऱ्या यंत्रात तो असतो. जितक्या वेगाने ढकलाल तितका तो विरोध करतो, पण गेलेला परत येत नाही.

मॅक्सवेलच्या प्रतिमानात या दोघांना एकापुढे एक जोडतात. एकूण लांबी बांधलेली, त्यामुळे डॅशपॉट जेवढा लांबतो तेवढी स्प्रिंग आखडते आणि ताण उतरतो. श्यानतेला स्प्रिंगच्या ताठपणाने भागलं की शिथिलन-काल मिळतो. तो दहा तास धरला, तर दहा तासांनी ताण ३७ टक्के, वीस तासांनी १३.५ टक्के, तीस तासांनी फक्त ५ टक्के उरेल. पण खरी पट्टी इतकी रिकामी होत नाही. म्हणून मॅक्सवेलच्या जोडीला समांतर आणखी एक स्प्रिंग लावतात. या स्प्रिंगकडे ६० टक्के ताण दिला, तर १२८० न्यूटनचे दहा तासांनी सुमारे ९५६ आणि शेवटी ७६८ न्यूटन राहतील. हे वागणं पट्टीशी बरंच जुळतं.

आता तीच पट्टी आढ्याला टांगून खाली वजन अडकवा. इथे ताण कायम आणि लांबी वाढत जाते. हे विसर्पण. मॅक्सवेल सांगतो, ती न थांबता सारख्या वेगाने लांबत राहील. केल्विन आणि फोक्ट यांनी स्प्रिंग व डॅशपॉट शेजारीशेजारी ठेवले. त्यात वाढ हळूहळू एका मर्यादेला टेकते, पण वजन लावताच होणारी झटकन वाढ त्यात दिसत नाही. तीन घटकांच्या प्रतिमानात दोन्ही येतात: आधी झटकन, मग सावकाश. भौतिकशास्त्रज्ञ वेबरने १८३५ मध्ये रेशमाच्या धाग्यात हीच सावकाश वाढ, आणि वजन काढल्यावरची सावकाश परतफेड, नोंदवून ठेवली होती.

तरी प्रतिमानाची मर्यादा ओळखायला हवी. ताण एका मिनिटाला, दहाला, शंभराला, हजाराला मोजा. दहा तासांच्या एकाच डॅशपॉटने पहिल्या दहा मिनिटांत जवळजवळ काहीच घट दाखवायला नको. बहुतेक घट शंभर ते हजार मिनिटांत हवी. प्रत्यक्षात दर दहापटीला साधारण सारखीच घट दिसते. म्हणजे रेणूंच्या हालचाली एका वेगाच्या नाहीत, अनेक वेगांच्या आहेत. म्हणून अभ्यासक वेगवेगळ्या शिथिलन-कालांच्या अनेक मॅक्सवेल शाखा समांतर लावतात. पहिल्या तासाच्या आकड्यांवरून एका शाखेने महिन्याचा अंदाज केला, तर तो हमखास चुकतो.

आणि उष्णता. पॉलिएस्टर साधारण ७० ते ८० अंश सेल्सिअसला काचेसारखी ताठ अवस्था सोडू लागतं. पॉलिप्रॉपिलीन मात्र शून्याच्या आसपासच सोडतं. म्हणून नागपूरच्या नेहमीच्या हवेतही पॉलिप्रॉपिलीनच्या साखळ्या मोकळ्या असतात आणि त्याची पट्टी लवकर सैल पडते. जड पॅलेटला पॉलिएस्टर पट्टी घेण्याचं हे एक मोठं कारण. पण मे महिन्यात उन्हात उभ्या बंद ट्रकमध्ये हवेपेक्षा बराच जास्त ताप असतो. तिथे डॅशपॉटमधलं तेल पातळ झाल्यासारखं होतं आणि पॉलिएस्टरचीही ढिलाई लवकर येते.

तेव्हा पट्टी घेताना ती किती बळाने तुटते, एवढंच विचारू नका. तिच्या मार्गावरच्या तापमानाला, दहा मिनिटांनी, एका दिवसाने आणि एका आठवड्याने किती ताण उरतो, हे मागा. तुटण्याचा आकडा पहिल्या क्षणाचा आहे. माल मात्र पोहोचेपर्यंत बांधलेला राहायला हवा.