एसआयपीचा हप्ता कधी थांबवावा?

गोवंडीतल्या आपल्या काही जणी गटाच्या बचतीबरोबर म्युच्युअल फंडातही महिन्याला पाचशे-हजाराची एसआयपी भरतात. बाजार पडला किंवा काम गेलं, की विचारतात, "ताई, हप्ता बंद करू का?" ही दोन कारणं वेगळी आहेत आणि त्यांची उत्तरंही वेगळी आहेत.

आधी बाजाराचं बघू. 23 मार्च 2020 ला सेन्सेक्स एका दिवसात 3,935 अंकांनी कोसळून 25,981 वर आला. दोन महिन्यांपूर्वी तो 41 हजारांच्या वर होता. सेन्सेक्सबरोबर चालणारा एक फंड धरा. हिशेब सोपा जावा म्हणून समजा, त्याचं एक युनिट जानेवारीत 41 रुपयांना होतं आणि त्या दिवशी 26 रुपयांना. म्हणजे हजार रुपयांत जानेवारीत 24 युनिट आली, मार्चमध्ये 38. पुढच्या जानेवारीत सेन्सेक्स 50 हजारांना पोचला. तेव्हा आधीच्या हजाराचे साधारण 1,200 झाले होते आणि मार्चच्या हजाराचे 1,900. पगार चालू असून ज्यांनी भीतीपोटी हप्ता थांबवला, त्यांचे नेमके हे स्वस्तातले हप्ते हुकले.

अर्थात बाजार दर वेळी इतक्या लवकर सावरत नाही. 2008 च्या पडझडीनंतर जुनी पातळी दिसायला 2010 ची दिवाळी उजाडली. म्हणून मुलीची पुढच्या वर्षीची फी अशा फंडात ठेवूच नका.

आता काम गेल्याचं. समजा घरखर्च 15 हजार आहे, हातात 20 हजार आहेत आणि हप्ता 2 हजारांचा आहे. तो भरण्यासाठी महिना 5 टक्क्यांनी उसने घेतले, तर वर्षाला 60 टक्के व्याज जाईल. इतकं कुठलाही फंड भरवशाने देत नाही. इथे हप्ता थांबवणंच बरोबर. पण हप्ता थांबवला म्हणून जुनी युनिट मोडायची गरज नाही. पडलेल्या भावात विकलीत तर तोटा पक्का होतो.

मात्र खातं रिकामं ठेवून गप्प बसू नका. हप्ता परत गेला की बँक शुल्क कापते, आणि महिन्याची एसआयपी लागोपाठ तीनदा परतली तर रद्द होते. त्यापेक्षा तारखेच्या पंधरा दिवस आधी फंडाकडे किंवा ॲपवर 'पॉज' मागा. बऱ्याच फंडांत तो एक ते तीन महिन्यांचा मिळतो. मुदत संपली की हप्ता आपोआप कापला जातो, म्हणून ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. तोवर काम मिळालं नाही, तर एसआयपी रद्द करा. काम लागल्यावर नवी सुरू करता येते.

थोडक्यात, हप्ता थांबवण्याआधी बाजार बघू नका, घरातला डबा बघा. तीन महिन्यांचा खर्च हाताशी असेल आणि कमाई चालू असेल, तर हप्ता चालू ठेवा. कमाईच थांबली असेल आणि डबा रिकामा होत असेल, तर आधी घर चालवा.