चित्रातली खोली आणि टेपातली खोली

हल्ली फर्निचरवाले काम धरण्याआधी मोबाइलवर खोलीचं थ्रीडी चित्र दाखवतात. आमच्या गटातल्या एका ताईंनी कपाटासाठी कर्ज मागितलं, तेव्हा असंच चित्र बैठकीत आणलं. छोटी झोपायची खोली, एका भिंतीला खालपासून वरपर्यंत कपाट, समोरच्या भिंतीत एक खिडकी, मध्ये पलंग, आणि तरी ऐसपैस जागा! आम्ही कर्जाचं नंतर बघू म्हटलं आणि टेप घेऊन त्यांच्या घरी गेलो.

खोली आतून १० फूट लांब, ९ फूट रुंद. कपाट ९ फुटांच्या भिंतीला. हँगरवरचे कपडे आडवे मावायचे तर कपाट २ फूट खोल लागतंच. उरले ८ फूट. चित्रात पलंगाची उशाची बाजू खिडकीकडे आणि पायथा कपाटाकडे होता. पलंग साडेसहा फूट लांब, म्हणजे पायथ्याशी उरला दीड फूट. कपाटाचं दारही दीड फुटाचं. ते उघडलं की पलंगाला टेकणार, मग माणसानं उभं कुठं राहायचं? आम्ही खडूनं जमिनीवर आखलं, तेव्हा ताईच म्हणाल्या, "इथं तर खालचा कप्पा काढायला वाकताही येणार नाही."

मग चित्रात जागा आली कुठून? ताईंच्या घरात २ फुटी फरशी आहे, १० फुटांत पाच बसतात. चित्रातही तीच फरशी, पण मोजली तर सहा भरल्या. खोलीच १२ फुटांची काढली होती. माप बरोबर असतानाही चित्र फसवू शकतं. कम्प्युटरवर समोरची भिंत काढून, बाहेर उभं राहून पाहिल्यासारखी खोली दाखवता येते. तशी ती आपल्याला घरात कधीच दिसणार नाही. चित्राच्या कडेच्या वस्तू ताणल्यासारख्या दिसल्या, की नजर मुद्दाम रुंद केली आहे असं समजा.

उजेडाचंही तसंच. खिडकी एकच असेल तर खिडकीजवळ लख्ख आणि लांबचे कोपरे अंधुक, असं दिसायला हवं. खुद्द खिडकीची भिंतही आतून सावलीत असते. ताईंच्या चित्रात सगळीकडे सारखा उजेड आणि पलंगाखाली सावलीच नाही! म्हणजे न दिसणारे दिवे लावलेले. पण त्यातून एक कळलं. कपाटाची गडद दारं खिडकीच्या समोरच येणार होती, त्यांनी दिवसाही खोली काळवंडली असती. ताईंनी फिका रंग सांगितला.

शेवटी पलंग फिरवला, त्याची लांब बाजू खिडकीच्या भिंतीला लावली. रुंदी ५ फूट, म्हणून कपाटापुढे ३ फूट सुटले. अडचण एवढीच की खोलीचं दारही त्याच जागेत उघडतं, म्हणून ते लावून घेतल्याशिवाय कपाट उघडता येणार नाही. आणि भिंतीकडे झोपणाऱ्याला दुसऱ्याला ओलांडून उतरावं लागेल. ताईंना ते चाललं. फर्निचरवाल्याकडून प्रत्येक माप लिहिलेला नवा नकाशा आला, त्यावर त्याची सही घेतली, आणि पुढच्या बैठकीत कर्ज मंजूर झालं.