स्थळाच्या फोटोतला खरेपणा

मांजरसुंब्यासारख्या गावात स्थळ आधी मोबाइलवर पोचतं आणि माणूस नंतर. म्हणून बायोडाटाच्या फोटोत किती सुधारणा प्रामाणिक, हे ठरवायला हवं. कसोटी सोपी आहे: पंधरा दिवसांत आपोआप जाईल ते पुसावं, कायमचं आहे ते ठेवावं. ताजी पुटकुळी काढणं ठीक; तीळ, व्रण, चेहऱ्याची ठेवण आणि वर्ण बदलणं ही फसवणूक. अंधारलेला फोटो उजळावा, पण संपूर्ण. फक्त चेहरा गोरा केला की मान आणि हात वेगळ्याच रंगाचे दिसतात. त्यावरून फेरफार ओळखता येतो. मोबाइलचा ‘ब्यूटी मोड’ न विचारताही त्वचा गुळगुळीत करतो, म्हणून तो आधी बंद करावा. फोन अगदी जवळ धरला तर नाक मोठं दिसतं. पाच-सहा फुटांवरून, सावलीतल्या उजेडात फोटो काढला की पुढची दुरुस्ती फारशी लागत नाही.

काही पालक म्हणतात, सावळ्या मुलीला लोक फोटोवरूनच नाकारतात, मग काय करावं? अडचण खरी आहे. पण उजळलेल्या फोटोमुळे नकार टळत नाही, तो कांदेपोह्यांच्या दिवशी मुलीच्या समोर येतो. तो अपमान तिच्या वाट्याला का यावा? खरा फोटो पाहून आलेलं घर तिचा वर्ण आधीच स्वीकारून आलेलं असतं.