दमट उन्हाळ्यातला कामाचा कपडा

एप्रिल-मे महिन्यात मालवणहून ओरोसला एसटीने नोकरीला जाताना घाम येतो, पण वाळत नाही. हवेतच बाष्प भरलेलं असतं. म्हणून कपडा घाम शोषणारा तर हवाच, शिवाय त्यातून वाराही खेळायला हवा.

साध्या हवेत शंभर ग्रॅम सुती धागा सुमारे आठ ग्रॅम ओलावा धरतो, पॉलिस्टर अर्धा ग्रॅमही नाही. पण सुती म्हणजे थंडच, असं नाही. जाड, घट्ट विणीचं सुती कापड एकदा भिजलं की अंगाला चिकटतं आणि लवकर वाळत नाही. साडीसाठी मलमल किंवा विरळ विणीची सुती निवडा. कडक खळ नको, ती विणीतली भोकं बुजवते. कुर्ता काखेत आणि पाठीवर सैल शिवा.

खरी चूक अस्तरात होते. वरून सुती पंजाबी ड्रेस, आत पॉलिस्टरचं अस्तर. मग घाम आतच कोंडतो. ब्लाउजलाही तेच लागू. शिंप्याकडे देताना सुती अस्तरच सांगा.

दुकानात कापड उजेडासमोर धरा. विणीतून उजेड झिरपला तर वाराही जाईल. घरी कडेचा एक धागा चिमट्यात धरून जपून पेटवा. सुती धाग्याला जळक्या कागदाचा वास येतो आणि मऊ राख उरते. पॉलिस्टर वितळून कडक गाठ होते. राख आणि गाठ दोन्ही दिसली, तर धागा मिश्र आहे.