आठ जीबीतले चार उसने

आज फोनच्या जाहिरातीतल्या एका बेरजेबद्दल बोलायचं आहे. दुकानाच्या काचेवर मोठ्या अक्षरात ‘८ जीबी रॅम’ लिहिलेलं असतं. आठाच्या डोक्यावर एक बारीक चांदणी असते. त्या चांदणीचा खुलासा खाली, मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरात असतो: ४ जीबी अधिक ४ जीबी. हे दुसरे चार जीबी कुठून आले, तेवढंच आज नीट पाहू.

आमच्या भागातल्या एका बचत गटाला हिशेबासाठी फोन घ्यायचा होता. गटाच्या नोंदी ॲपवर भरायच्या, सभासदांच्या पासबुकांचे फोटो काढायचे, बैठकीचे निरोप व्हॉट्सॲपवर टाकायचे, एवढंच काम. दुकानात दोन फोन समोर आले. पहिला अकरा हजारांचा, काचेवर ८ जीबी रॅम. दुसरा बारा हजार दोनशेचा, त्यावर ६ जीबी रॅम. साहजिकच सगळ्या म्हणाल्या, आठाचा स्वस्त मिळतोय तर सहाचा महाग कशाला? गटाच्या सचिव ताईंनी मला फोन लावला. मी म्हटलं, आधी खोक्याच्या बाजूचा स्टिकर वाचून दाखवा. पहिल्यावर होतं ४ जीबी + ६४ जीबी. दुसऱ्यावर ६ जीबी + १२८ जीबी.

इथे दोन ठिकाणची अधिकची खूण दोन वेगळ्या गोष्टी सांगते, आणि घोटाळा इथेच होतो. खोक्याच्या स्टिकरवर पहिला आकडा रॅमचा आणि दुसरा साठवणीचा, म्हणजे स्टोरेजचा असतो. काही स्टिकरांवर साठवणीला रॉम म्हणतात. काचेवरच्या ‘४ अधिक ४’मध्ये मात्र पहिले चार खऱ्या रॅमचे आणि दुसरे चार साठवणीतून उसने घेतलेले. म्हणजे ६४ जीबीतलेच चार काढून रॅमच्या खात्यात दाखवले. एका खिशातले पैसे दुसऱ्या खिशात टाकले आणि म्हणाले, कमाई झाली!

रॅम आणि साठवण यांत फरक काय? स्वयंपाकघर डोळ्यांपुढे आणा. ओटा म्हणजे रॅम. आत्ता जे काम चालू आहे ते ओट्यावर: परात, चिरलेला कांदा, मिसळणाचा डबा. कोठीची खोली म्हणजे साठवण. तिथे वर्षाचा गहू, डाळी, लोणच्याच्या बरण्या. फोनमधले फोटो, व्हिडिओ, गाणी, ॲप सगळे कोठीत राहतात. एखादं ॲप उघडलं की त्याचं सामान कोठीतून ओट्यावर येतं, आणि काम ओट्यावरच होतं. फोनचा बंद झाला तरी कोठीतलं तसंच राहतं, ओटा मात्र पुसला जातो.

आता कंपनी म्हणते, आम्ही ओटा दुप्पट केला. प्रत्यक्षात तिने कोठीतलं एक फडताळ रिकामं ठेवलं आहे. ओट्यावर गर्दी झाली की ज्याला बराच वेळ हात लागला नाही ते सामान तिथे नेऊन ठेवायचं. त्या फडताळावर कांदा चिरता येत नाही. परत लागला तर आधी ओट्यावर आणावाच लागतो, आणि तो आणण्यासाठी ओट्यावरचं दुसरं काही उचलावं लागतं. फोनचं डोकं, म्हणजे प्रोसेसर, उसन्या रॅमवर थेट काम करू शकत नाही. म्हणून चार अधिक चार म्हणजे खऱ्या अर्थाने आठ होत नाहीत.

वेगाचा फरकही लहान नाही. स्वस्त फोनांत बहुधा ईएमएमसी नावाची साठवण असते. तिच्या चालू प्रकाराची वरची मर्यादाच सेकंदाला ४०० एमबी आहे. त्याच दर्जाच्या फोनातली रॅम सेकंदाला कित्येक हजार एमबी हलवते. आणि एखादी बारीकशी गोष्ट मागितल्यावर ती हाती येईपर्यंतचा वेळ पाहिला, तर साठवणीला साधारण हजारपट जास्त लागतो. ओट्यावरचं तिखट घ्यायला एक सेकंद लागत असेल, तर कोठीतलं आणायला सोळा-सतरा मिनिटं, असं समजा. यूएफएस नावाची साठवण ईएमएमसीहून बरीच वेगवान असते, पण तीही ओटा नव्हेच.

या युक्तीला प्रत्येक कंपनीने आपलं नाव दिलं आहे. कुणी रॅम प्लस म्हणतं, कुणी एक्स्टेंडेड रॅम, कुणी मेमरी एक्स्टेन्शन, कुणी रॅम बूस्ट, कुणी मेमरी फ्यूजन. नाव ऐकून वाटतं काही नवा शोध लागला. इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या ॲटलस संगणकात १९६२ सालीच ही सोय होती. टेबलावरच्या कॉम्प्युटरांत ती कित्येक वर्षं आहे. पण तिथे कुणी ती खऱ्या रॅममध्ये मिळवून पाटीवर लिहीत नाही.

मग ही सोय अगदीच निरुपयोगी का? तसं नाही, आणि म्हणूनच फसगत लवकर लक्षात येत नाही. आपल्या गटाचंच काम घ्या. ताई ॲपवर कर्जाचा फॉर्म भरताहेत. अर्धा भरला, आता पासबुकाचा फोटो हवा म्हणून कॅमेरा उघडला. कॅमेऱ्याला एकदम पुष्कळ जागा लागते. चार जीबीच्या फोनात बरीचशी रॅम फोनच्या स्वतःच्या कारभारातच गुंतलेली असते, मागे व्हॉट्सॲप बसलेलं असतं. जागा पुरली नाही की अँड्रॉइड मागचं एखादं ॲप सरळ बंद करतं. ताई फोटो काढून परत येतात तर फॉर्म कोरा. पहिल्यापासून भरा! नेटवर्कला दोष दिला जातो, ॲपला दिला जातो. कधी दोष खरंच त्यांचा असतोही. पण कॅमेऱ्यातून परत येताना ॲप पुन्हा पहिल्या पानापासून सुरू होत असेल, तर रॅम अपुरी पडते आहे अशी शंका घ्यायला हरकत नाही.

अशा वेळी उसन्या रॅमचा थोडा उपयोग होऊ शकतो. मागे शांत बसलेलं ॲप बंद करण्याऐवजी त्याचं सामान फडताळावर जातं, आणि परत आल्यावर फॉर्म जसाच्या तसा सापडण्याची शक्यता वाढते. मात्र तो यायला वेळ लागतो. फोन क्षणभर गोठतो, बोट लावलं तरी हलत नाही. आणि ज्या एका ॲपलाच जास्त जागा हवी, त्याला या फडताळाचा फायदा जवळजवळ नाही, कारण त्याचं सगळं सामान एकाच वेळी ओट्यावर लागतं.

त्यात ६४ जीबीच्या फोनात आणखी एक अडचण. पंधरा-वीस जीबी फोनच्या कारभाराला आणि आधीच भरून दिलेल्या ॲपना जातात. चार जीबी उसन्या रॅमला. उरतात चाळीस-पंचेचाळीस. गटाच्या व्हॉट्सॲपवर येणारे सुप्रभातचे फोटो आणि लग्नाचे व्हिडिओ ते वर्षा-दीड वर्षात सहज भरतात. कोठी गच्च भरली की साठवण आणखी मंदावते, म्हणजे उसनी रॅमही मंदावते. शिवाय साठवणीवर किती वेळा लिहायचं याला आयुष्याची मर्यादा असते, आणि सामानाची ही सतत ने-आण म्हणजे लिहिणंच. त्याने फोन लगेच बिघडतो असं नाही, पण झीज वाढते.

दुकानात तुम्ही काय कराल? विचारा, फिजिकल रॅम किती? हाच शब्द वापरा, दुकानदाराला बरोबर कळतो. मग खोक्यावरचा स्टिकर वाचा. काउंटरवर चालू फोन असेल तर `Settings` मध्ये जाऊन `About phone` उघडा. तिथे रॅमपुढे `4.00 GB + 4.00 GB` असं काही दिसलं, तर पहिला आकडा तेवढा धरा. काही फोनांत उसना आकडा तिथे दाखवतच नाहीत, मग तर प्रश्नच नाही. साठवण ईएमएमसी की यूएफएस हे मात्र सहसा सेटिंगमध्ये दिसत नाही. ते कंपनीच्या माहितीपत्रकात शोधावं लागतं. तिथे प्रकारच लिहिला नसेल, तर वेगवान साठवण असेल असं गृहीत धरू नका.

एक छोटी परीक्षाही घेता येते. ब्राउझरमध्ये एखादं लांबलचक पान उघडा, अर्ध्यापर्यंत खाली या. मग कॅमेरा उघडून दोन फोटो काढा, नकाशा उघडा, एक व्हिडिओ लावा. आता ब्राउझरवर परत या. पान होतं तिथेच सापडलं तर ठीक. ते पुन्हा पहिल्यापासून लोड होऊ लागलं तर समजा, ओटा लहान आहे. दुकानातला फोन रिकामा असतो हे ध्यानात ठेवा. तिथे जो फोन जेमतेम पास होतो, तो आपली ॲप भरल्यावर नापास होणार.

कॅमेऱ्याच्या आकड्यातही असाच खेळ असतो. ५० मेगापिक्सेलचा कॅमेरा रोजच्या फोटोसाठी बहुधा चार-चार ठिपके एकत्र करून साडेबाराचाच फोटो देतो. ते वाईट नाही, उलट कमी उजेडात मदत होते. पण मागच्या दोन भिंगांपैकी दुसरं कधी कधी निव्वळ शोभेपुरतं असतं. माहितीपत्रकात त्याच्यापुढे मेगापिक्सेल न लिहिता ‘ऑक्झिलरी लेन्स’ असं लिहिलेलं दिसलं की ओळखा. त्यावर पुन्हा केव्हातरी सविस्तर बोलू.

घरात आधीच असा फोन असेल तर घाबरायचं कारण नाही. उसनी रॅम कमी करता येते, बंदही करता येते. सेटिंगमध्ये वरच्या शोधाच्या खिडकीत `RAM` टाइप करा, सोय कुठे आहे ते सापडेल. बदल केल्यावर फोन बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो. चार जीबीच्या फोनात, साठवणीत भरपूर जागा असेल तर दोन जीबी चालू ठेवून पाहा. फोन वारंवार गोठत असेल तर बंद करून चार दिवस वापरा आणि कुठे बरं चालतं ते तुम्हीच ठरवा. आठ जीबी खरी रॅम असलेल्या फोनात ती बहुतेकांना लागतच नाही.

जाहिरातीत बारीक अक्षरांचा खुलासा कसा असावा याचेही नियम आहेत. केंद्र सरकारने २०२२ साली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. मुख्य दावा ज्या भाषेत, खुलासा त्याच भाषेत हवा, आणि खुलाशाने दाव्यातली फसवी बाब झाकायची नाही, असं त्यांत आहे. बिलावर नुसतं मॉडेलचं नाव न लिहू देता ४/६४ किंवा ६/१२८ असे दोन्ही खरे आकडे लिहून घ्या. दुकानदाराने आठ सांगून चाराचा फोन दिला, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे १९१५. तक्रार करताना ते बिल आणि काचेवरच्या जाहिरातीचा फोटो हाताशी असू द्या.

त्या गटाने शेवटी दोन्ही फोनांवर ब्राउझरची परीक्षा घेतली. आठवाल्यात पान पुन्हा लोड झालं, सहावाल्यात जागेवर होतं. बाराशे रुपयांचा फरक बारा जणींत वाटला, शंभर शंभर रुपये आले. दुकानदार म्हणाला, ताई, तुम्ही पहिल्याच, ज्यांनी खोक्याची बाजू वाचली.